फोटोतल्या दाखल्याचं भाषांतर: शिक्के, सह्या आणि नावाचं स्पेलिंग

जन्माचा किंवा लग्नाचा दाखला परदेशी कार्यालयात जातो, तेव्हा तो तपासणाऱ्या माणसाला मूळ भाषा बहुतेक वेळा येत नसते. तो एका बाजूला दाखल्याची प्रत ठेवतो, दुसऱ्या बाजूला भाषांतर, आणि नुसतं ताडून बघतो. डाव्या कोपऱ्यात काहीतरी गोल दिसतंय, त्याचा उल्लेख भाषांतरात कुठे आहे? खाली दोन सह्या आहेत, मग इथे एकच का? समासात हाताने काहीतरी लिहिलंय, ते कुठे गेलं? भाषांतर कितीही सुबक असलं तरी अशा एखाद्या प्रश्नाला त्यात उत्तर नसेल, तर फाइल अडते. म्हणून दाखल्याच्या भाषांतरात मजकुराइतकीच मजकुराबाहेरच्या खुणांची दखल घ्यावी लागते. आणि हल्ली भाषांतरकाराच्या हाती मूळ कागद क्वचितच येतो. येतो तो मोबाइलवर काढलेला फोटो.

तेव्हा आधी फोटोबद्दल. कागदाच्या चारही कडा आणि भोवतीचं थोडं टेबल दिसायला हवं. कडा कापली गेली, तर तिथे काही लिहिलेलं होतं की नव्हतं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि नोंदणी पुस्तकाचा खंड किंवा कागदाचा छापील अनुक्रमांक नेमका कडेलाच असतो. मागच्या बाजूचा फोटो ती कोरी असली तरी मागवावा. कोरी आहे, हीसुद्धा नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. शिवाय प्रत दिल्याची तारीख, फी भरल्याचा शिक्का, पुढे कुठल्या कार्यालयाने केलेलं साक्षांकन हे सगळं बऱ्याचदा मागेच असतं.

फोन सरळ वरून धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि त्याच्याखालचे दोन-तीन शब्द जातात. कागद ‘स्कॅन’ करणारी अ‍ॅप तर याहून त्रासदायक. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून ती फिकट छटा पुसून टाकतात, आणि वीस-तीस वर्षांपूर्वीचा विरलेला शिक्का म्हणजे नेमकी फिकट छटाच. त्यामुळे साधा रंगीत फोटो बरा. तोही मेसेजिंग अ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवू नये, कारण तिथे तो दाबून लहान केला जातो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मागवावी.

उठावाचा शिक्का, म्हणजे शाई न वापरता कागद दाबून उमटवलेला, समोरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही. त्यासाठी खोलीतले दिवे बंद करून खिडकीचा किंवा टॉर्चचा प्रकाश कागदावर एका बाजूने अगदी तिरपा पडू द्यावा लागतो. मग उठावाच्या सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. दाखला पाठवणाऱ्याला मी सरळ विचारते, कागदावरून बोट फिरवून बघा, कुठे खडबडीत लागतंय का?

फोटो नीट आला की कागद तीन थरांत वाचायला घ्यावा. पहिला थर छापील फॉर्मचा: शीर्षक, रकान्यांची नावं, तळाच्या सूचना, फॉर्मचा क्रमांक. दुसरा थर त्यात भरलेल्या मजकुराचा, हाताने लिहिलेला किंवा टंकलेला. तिसरा थर वरून चढलेल्या गोष्टींचा: शिक्के, सह्या, तिकिटं, होलोग्राम, क्यूआर कोड, समासातले शेरे, खाडाखोड. भाषांतरात हे तीन थर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिल्या दोन थरांचा मजकूर मूळच्याच मांडणीत येतो, रकान्यासमोर रकाना. तिसऱ्या थरातली प्रत्येक गोष्ट आणि भाषांतरकाराने स्वतःहून सांगितलेलं सगळं काही चौकोनी कंसात येतं. चौकोनी कंस म्हणजे ‘हे कागदावरचे शब्द नाहीत, हे मी कागदाविषयी सांगतेय’. हा संकेत एकदा धरला की पूर्ण भाषांतरभर पाळावा लागतो.

शिक्क्याचं वर्णन कसं करायचं? आकार, शाईचा रंग, आतला मजकूर आणि मध्ये चिन्ह असेल तर ते, एवढं पुरतं. म्हणजे [गोल शिक्का, जांभळी शाई, कडेने मजकूर: “निबंधक, जन्म व मृत्यू, …”, पुढची अक्षरं अवाच्य]. शिक्का जिथे आहे तिथेच हा कंस ठेवावा. सगळे शिक्के शेवटच्या पानावर यादी करून देणारे लोक आहेत, पण मग तपासणाऱ्याला कुठला शिक्का कशावर आहे ते कळत नाही. आणि ते महत्त्वाचं असतं. सहीवर अर्धा चढलेला शिक्का त्या सहीला आधार देतो, तर दुरुस्तीच्या शेजारचा छोटा शिक्का ती दुरुस्ती कार्यालयानेच केल्याचं सांगतो.

अर्धवट उठलेल्या शिक्क्यातली उरलेली अक्षरं भाषांतरकाराला अनेकदा अंदाजाने माहीत असतात. तेच कार्यालय वर छापलेलं असतं, तर शिक्क्यातही तेच असणार, नाही का? बहुधा तेच असतं. तरीही भरायची नाहीत. शिक्का दुसऱ्याच विभागाचा निघाला, तर भाषांतराने कागदावर नसलेली गोष्ट लिहिली असं होतं. वाचता आलं तेवढं लिहायचं आणि बाकीचं अवाच्य म्हणायचं. ‘अवाच्य’ लिहिणं बऱ्याच जणांना कमीपणाचं वाटतं. मला ते दाखल्याच्या भाषांतरातलं सगळ्यात प्रामाणिक विधान वाटतं, मात्र त्याआधी वाचायचे सगळे प्रयत्न झालेले असावेत.

सहीचंही तसंच. सहीच्या वळणातून नाव ओळखून लिहायचं नाही. [सही] किंवा [सही, अवाच्य] एवढंच. खाली नाव आणि हुद्दा छापलेला असेल, तर तो मजकूर म्हणून येतो. हुद्द्याच्या बाबतीत एक मोह आवरावा लागतो. दुसऱ्या देशात त्याच कामाचा एखादा ओळखीचा अधिकारी असतो आणि त्याचं पदनाम वापरलं की वाक्य छान बसतं. पण त्या देशातल्या त्या पदाचे अधिकार वेगळे असतात. हुद्द्याचा साधा अर्थ द्यावा, आणि कार्यालयाचं नाव अर्थाने देऊन शेजारी मूळ उच्चारही रोमन लिपीत द्यावा. उद्या कुणाला त्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करायचा झाला, तर तो मूळ नावानेच करावा लागेल.

आता एक नमुना घेऊन बघू. हाताने भरलेला, देवनागरीतला लग्नाचा दाखला आहे, फोटो जरा तिरका. लग्नाची तारीख स्पष्ट दिसते: १५ फेब्रुवारी १९८९. नोंदणीच्या तारखेवर मात्र जांभळा शिक्का बसलाय. महिना आणि वर्ष कळतं, फेब्रुवारी १९८९. दिवसाचा पहिला आकडा १ आहे. दुसरा १ आहे की ९, हे कळत नाही. हाताने लिहिलेल्या देवनागरीत हे दोन आकडे एकमेकांच्या फार जवळ जातात, फरक असतो तो वरच्या गाठीचा आणि शेपटीच्या वळणाचा, आणि नेमक्या तिथेच शिक्क्याची कड आलीय.

इथे रंगीत फोटोचा उपयोग होतो. फोटो तीन रंगांच्या थरांचा बनलेला असतो: लाल, हिरवा, निळा. फोटो सुधारायच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये यातला एकेक थर वेगळा बघता येतो. ज्या रंगाचा थर बघाल, त्या रंगाची शाई तिथे फिकी पडते आणि काळी शाई काळीच राहते. म्हणजे लाल शिक्का लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. निळसर जांभळा शिक्का निळ्या थरात विरतो आणि त्याच्याखालचं काळ्या शाईतलं लिखाण उघडं पडतं. उलट शिक्काच वाचायचा असेल, तर हिरवा थर बघावा, तिथे जांभळा रंग गडद होतो. मात्र लिखाणही निळ्याच शाईत असेल, तर या युक्तीचा उपयोग नाही, कारण दोन्ही एकदम विरतात. आणि असा रंग बदललेला फोटो फक्त आपल्या वाचनासाठी ठेवायचा. भाषांतराला जोडायचा तो मूळ, हात न लावलेला फोटो.

समजा, निळ्या थरात त्या आकड्याला डावीकडे गाठीसारखं काहीतरी दिसलं. आता दाखल्यातल्याच इतर गोष्टींशी पडताळा घ्यायचा. नोंदणी लग्नाच्या आधी होऊ शकत नाही, म्हणजे ११ फेब्रुवारी बाद. अक्षरी तारखेचा रकाना असेल, तर तो वाचायचा. लिहिणाऱ्याच्या हातचे बाकीचे १ आणि ९ शोधून शेजारी ठेवायचे. एकट्या १९८९ या सालातच दोन ९ आणि एक १ सापडतो. हे सगळं १९ कडे बोट दाखवत असेल आणि डोळ्यालाही ९ दिसत असेल, तर १९ लिहायचं आणि कंसात म्हणायचं, [दुसरा आकडा शिक्क्याखाली अंशतः झाकलेला]. पण डोळ्याला काहीच दिसत नसेल आणि नुसत्या तर्कानेच १९ ठरत असेल, तर तो आकडा भाषांतरात वाचल्यासारखा मांडता येत नाही. कारकुनाने तारीख चुकीची टाकली असण्याचीही शक्यता असते, आणि ती शक्यता मिटवणं भाषांतरकाराच्या हातात नाही. मग दुसरा आकडा अवाच्य म्हणायचा आणि तिरप्या प्रकाशातला किंवा जवळून काढलेला आणखी एक फोटो मागवायचा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर नोंदणी कार्यालयातून नवी प्रत काढणं हाच उपाय उरतो.

याच दाखल्यात एक रकाना कोरा आहे आणि एकात आडवी रेघ आहे. कोऱ्या रकान्यासमोर [कोरे] यायला हवं, रेघेसमोर रेघ. दोन्ही ठिकाणी ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ लिहिणं चूक आहे, कारण दाखल्याने तसं म्हटलेलं नाही. ‘आधीच्या लग्नाचा तपशील’ असा रकाना कोरा असणं आणि तिथे ‘नाही’ असणं यांत किती अंतर आहे, ते तपासणारा अधिकारी पुरेपूर जाणतो. छापील पर्यायांपैकी काहींवर काट मारलेली असते, उदाहरणार्थ ‘अविवाहित / विधुर / घटस्फोटित’. त्यातले खोडलेले पर्याय गाळायचे नाहीत, [खोडलेले] असं सांगून द्यायचे. समासातला शेरा तर कधीच गाळायचा नाही. नावातला बदल, दत्तक, घटस्फोट अशा नोंदी पुष्कळ ठिकाणी पुढे समासातच केल्या जातात, म्हणजे कधीकधी दाखल्यातली सगळ्यात वजनदार ओळ तीच असते.

आता नावं. इथे भाषांतर नसतंच, असतं ते लिप्यंतर, आणि त्यात ‘बरोबर’ एकापेक्षा जास्त असतात हीच खरी अडचण. ज्ञानदा हे नाव घ्या. मराठी माणूस ते Dnyanada लिहील, हिंदीच्या वळणाने Gyanada होईल, आणि भारतीय लिप्यांच्या लिप्यंतराचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ १५९१९, पाळलं तर Jñānadā. प्रमाणाप्रमाणे तिसरं अचूक आहे, कारण त्यावरून उलट देवनागरीत जाताना एकही अक्षर हरवत नाही. पण पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत A ते Z ही साधी अक्षरं, आकडे आणि < ही खूण यापलीकडे काही चालत नाही. म्हणजे प्रमाणातल्या रेघा-ठिपक्यांना तिथे जागाच नाही.

प्रमाणाला शब्दशः चिकटलं की काय होतं, याचं एक प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं होतं. क्रिस्टोस कॉन्स्टान्टिनिडिस हे ग्रीक नागरिक जर्मनीत मालिशचा स्वतंत्र व्यवसाय करत. १९८३ मध्ये त्यांचं लग्न तिथे नोंदलं गेलं, तेव्हा रजिस्टरमध्ये आडनाव Konstadinidis असं लिहिलं गेलं. त्यांनी ते पासपोर्टप्रमाणे Konstantinidis करून मागितलं. दुरुस्तीसाठी ग्रीक जन्मदाखल्याचं भाषांतर मागवण्यात आलं, आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणाने अक्षराला अक्षर लावल्यावर नाव निघालं Hréstos Kónstantinidés. जर्मन नियमांनुसार रजिस्टरमध्ये आता हेच लिहायचं होतं. मागे आधार होता १९७३ च्या एका आंतरराष्ट्रीय कराराचा, ज्यात वेगळ्या लिपीतली नावं नोंदताना प्रमाण असेल तर तेच वापरावं असं ठरलं होतं. ३० मार्च १९९३ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की उच्चाराची मोडतोड होऊन गिऱ्हाइकांचा या माणसाबद्दल गोंधळ उडेल असं स्पेलिंग त्याच्यावर लादणं हे व्यवसायस्वातंत्र्याच्या आड येतं. भाषांतरकाराने इथे काही चुकीचं केलं होतं, असं म्हणता येत नाही. अक्षरं बरोबर लागली होती, माणूस मात्र ओळखू येईनासा झाला होता.

म्हणून ज्याचं नाव पासपोर्टवर रोमन लिपीत आहे, त्याचं नाव तसंच्या तसं, अक्षरही न बदलता घ्यावं आणि शेवटी टीप द्यावी: नावाचं स्पेलिंग सादर केलेल्या पासपोर्टप्रमाणे. त्यासाठी पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत भाषांतरासोबतच मागवावी, नुसतं तोंडी स्पेलिंग नको. काही कार्यालयं मात्र प्रमाणानुसार लिप्यंतर लागेल असं स्पष्ट सांगतात. तिथे प्रमाणातलं रूप मजकुरात द्यावं आणि पासपोर्टवरचं रूप टिपेत. हे भाषांतर सुरू करण्याआधीच विचारून घ्यायचं असतं, छापून झाल्यावर नव्हे.

दाखल्यातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काही मिळत नाहीत. आई-वडील, साक्षीदार, लग्न लावणारी व्यक्ती यांची नावं आपल्यालाच ठरवावी लागतात. रोमन लिपीतला दुसरा कुठला कागद असेल तर त्याचा आधार घ्यावा. नसेल तर एकच पद्धत धरून शेवटपर्यंत नेटाने चालवावी. व साठी एकदा v घेतला की पुढच्या रकान्यात w नको. वडिलांचं नाव त्यांच्या स्वतःच्या रकान्यात एक आणि मुलीच्या पूर्ण नावात दुसरं, असं झालं तर वाचणाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. ळ आणि ल यांना रोमनमध्ये एकच l मिळतो, त्यामुळे Kale वरून मूळ आडनाव काळे की काले हे सांगता येत नाही. ज्या नावावर पुढचा कागद अवलंबून असेल, त्याच्याशेजारी मूळ लिपीतलं रूपही ठेवलेलं बरं.

नावांचा क्रम हा याच रकान्यातला दुसरा खड्डा. दाखल्यात ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ असा क्रम असेल, तर भाषांतरातही तोच राहतो. पण परदेशी वाचक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो आणि वडिलांचं नाव आडनावाच्या चौकटीत जाऊन बसतं. क्रम न बदलता कंसात [पहिला शब्द आडनाव] एवढं सांगितलं की प्रश्न मिटतो.

तारखांबद्दल एवढंच, की ०३/०४/१९८७ ही कुठे तीन एप्रिल असते तर कुठे चार मार्च. फॉर्मवरून क्रम नक्की कळत असेल, तर महिना अक्षरी लिहावा. नसेल तर आकडे होते तसेच ठेवावेत. दाखल्यावर शक, हिजरी किंवा आणखी कुठली कालगणना असेल, तर मूळ तारीख मजकुरात राहते आणि रूपांतर कंसात येतं. गावांची नावंही कागदावर आहेत तीच. १९८५ च्या दाखल्यात लेनिनग्राड असेल तर भाषांतरातही लेनिनग्राड, सेंट पीटर्सबर्ग फार तर टिपेत.

मूळ दाखल्यातच चूक असेल तर? आईच्या नावात एक अक्षर गळलंय आणि पासपोर्टवर ते आहे, हे नेहमीचं. फोटो पाठवणारे अगदी अजिजीने म्हणतात, “तेवढं भाषांतरात नीट करून द्या ना.” करता येत नाही. जसं आहे तसं लिहून [मूळ दस्तऐवजात असेच] म्हणायचं. दुरुस्ती ज्या कार्यालयाने दाखला दिला त्याच्याकडून, त्यांच्या शिक्क्यानिशी व्हावी लागते. गुपचूप दुरुस्त केलेलं भाषांतर मूळ कागदाशी जुळत नाही, आणि संशय मग पूर्ण फाइलवर येतो.

शेवटचं पान असतं भाषांतरकाराच्या निवेदनाचं. काय लिहायचं ते स्वीकारणाऱ्या देशावर ठरतं. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याला संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते पूर्ण व अचूक आहे आणि आपण त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करायला सक्षम आहोत, असं भाषांतरकाराचं प्रमाणन लागतं. जर्मनीसारख्या देशांत बहुधा न्यायालयात शपथ घेतलेलाच भाषांतरकार चालतो. काहीही असलं तरी भाषांतर मूळ कागदावरून केलं की फोटोवरून, हे निवेदनात स्पष्ट यावं, कारण फोटो पाहून मूळ कागदाच्या अस्सलपणाबद्दल काहीच म्हणता येत नाही. ज्या फोटोवरून काम केलं त्याची छापील प्रत भाषांतराला जोडावी आणि पानांना ‘४ पैकी १’ अशा पद्धतीने क्रमांक द्यावेत.

आपोस्टिल लागणार असेल, तर क्रमाकडे लक्ष द्यावं लागतं. १९६१ च्या हेग करारानुसार दिलं जाणारं हे प्रमाणपत्र दाखल्यावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं, आतल्या मजकुराची हमी देत नाही. त्यात दहा क्रमांकित रकाने असतात, आणि दाखल्याला जोडलं की तेही भाषांतरात यावं अशी अपेक्षा असू शकते. त्यामुळे सोयीचा क्रम असा: आधी मूळ दाखल्यावर आपोस्टिल घ्यायचं, मग दोन्हींचे फोटो काढायचे आणि मग भाषांतराला द्यायचे. काही ठिकाणी भाषांतरावरच्या सहीसाठी वेगळं आपोस्टिल मागतात, ते अर्थात नंतर. उलट युरोपीय संघातल्या एका देशाचा दाखला संघातल्याच दुसऱ्या देशात द्यायचा असेल, तर १६ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमाने आपोस्टिल मागता येत नाही, आणि दाखल्यासोबत ठरावीक नमुन्याचा बहुभाषिक फॉर्म जोडून घेता येतो. तो फॉर्म जोडलेला असला की स्वतंत्र भाषांतर सहसा लागतच नाही.